भवानीचा वाटा

बैहरच्या तहसिलीत नकलनविशी करण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला मासळी म्हणजे तळ्यातला रोहू. ढिवराच्या टोपलीत तो तडफडत असल्यामुळे ताजेपणाची ग्वाही तो स्वतःच देतो. दापोलीनजीकच्या हर्णै बंदरावर मात्र, सुवर्णदुर्गाचा तट अद्याप काळोखात असताना, खोल पाण्यात नांगरलेल्या होड्यांची मासळी बैलगाड्यांवर लादून वाळूवर येत होती, आणि तिथे पंचनामा करणे भाग होते.

तो मला विशीतल्या एका कोळिणीने शिकविला. लिलावात साठ बांगड्यांचा ढीग तिने नऊशेला तोडला, चार-चारांचे पंधरा वाटे मांडले आणि वाट्याचे शंभर सांगितले. मी साशंक मुद्रेने वाकताच तिने एक बांगडा डोक्याकडून आडवा धरला. शेपूट ताठ राहिली. मग कल्ल्याखाली अंगठा सारून आतला तांबडा रंग दाखविला आणि म्हणाली, "डोळा बघा, काका. आत गेलाय का? शिळ्याचा खोल जातो."

पुराव्यात उणीव नव्हती. पण भवानीच्या गिऱ्हाइकाला कोणी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, ही मला ठाऊक असलेली एकमेव व्यापारविद्या वापरून मी पन्नास देऊ केले. ती ऐंशीवर आली आणि थांबली. ऊन चढले की मासळी उतरते, या तर्काने मी चहा घ्यावयास गेलो. जाताना मागे पाहिले, तो दुसऱ्या कोणाची नोट कपाळी लावून ती कमरेला खोचीत होती.

दीड तासाने परतलो तेव्हा तीन वाटे उरले होते आणि माझा चेहरा, मला वाटते, जप्तीच्या मालावर बोली लावणाऱ्या इसमासारखा झाला असावा. "आता पन्नास?"

"आता ऐंशीच्या खाली नाही." बारा वाट्यांचे नऊशे साठ आले होते, त्यांतले नऊशे लिलावाचे, साठ गाडी आणि बर्फाचे. "ते बारा लोकांचे होते, काका. हे तीन माझे. नाही गेले तर मिठात घालीन." एवढा चोख ताळेबंद आमच्या खजान्यातही मी पाहिला नव्हता. ऐंशी मोजले.

तरीही सरकारी मनुष्य तो सरकारी मनुष्य. शिकलेली विद्या तत्काळ वापरावी म्हणून मी एक बांगडा डोक्याकडून आडवा धरला. शेपूट सावकाश, पण निःसंशय, खाली झुकली. मी विजयी नजरेने तिच्याकडे पाहिले.

ती विळीवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे मासे साफ करीत होती. मान वर न करता म्हणाली, "पहाटेपासून तुमची वाट बघतोय तो. थकणार नाही होय?"