'एवढे का?' : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

साहित्य : मामांनी पाठवलेला मोबाइल बिलाचा स्क्रीनशॉट, कॅल्क्युलेटर आणि शांत स्वभाव. शेवटची वस्तू घरात नसेल तर पहिल्या दोनांवर भागवावे.

पायरी 1. स्क्रीनशॉटमध्ये फक्त 823.64 हा आकडा आणि बॅटरी 4 टक्के असल्याची सूचना दिसेल. मजकूर एकच : "एवढे का?" 'एवढे' म्हणजे कशापेक्षा, हे मामा सांगणार नाहीत. त्यांना नेहमीचे बिल किती येते ते विचारा. "पाचशेच्या आसपास" हे उत्तर ग्राह्य धरू नका, मागच्या महिन्याचे बिल मागवा. त्यावर 588.82 निघतील. 499 चा प्लॅन आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे पाचशेच्या आसपासचे बिल मामांना आजवर कधीच आलेले नाही. हा शोध स्वतःजवळच ठेवा.

पायरी 2. मागची थकबाकी या बिलात आली आहे का ते पाहा. असेल तर ती आधी वजा करा, कारण तिच्यावरचा कर तेव्हाच लागलेला असतो. इथे ती शून्य आहे.

पायरी 3. आता वजाबाकी करा. फरक 234.82. हा आकडा बिलात शोधत बसू नका, सापडणार नाही, कारण त्यात कर मिसळलेला आहे. त्याला 1.18 ने भागा. उत्तर येते 199. हाही एका ओळीत दिसत नसेल तर तो दोन-तीन रकमांची बेरीज असतो. त्यासाठी बिलाचे दुसरे पान मागवा. मामा पहिलेच पुन्हा पाठवतील. पुन्हा मागवा.

पायरी 4. दुसऱ्या पानावर सापडेल : उशिरा भरल्याचे शुल्क 100, मोबाइल गेमची वर्गणी 99. उशीर मागच्या बिलाला झाला होता, ते पैसे भरूनही झाले, दंड मात्र या महिन्यात उगवला. "मी तर या वेळी वेळेवर भरतोय" हा मामांचा युक्तिवाद खरा आहे, पण गैरलागू आहे.

पायरी 5. गेमची वर्गणी बंद करायला 155223 वर STOP असा एसएमएस मामांच्याच फोनवरून पाठवायला सांगा. तुमच्या फोनवरून पाठवलात तर मामांचा गेम चालूच राहील. अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा ट्रायचा 2013 चा आदेश आहे. संमती दिलीच नसेल तर कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मागा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

सावधान : कोणती सेवा कधी सुरू झाली, एवढेच बिलावरून कळते. बटण कोणी दाबले ते कळत नाही. मामांना तारीख सांगा. त्या रविवारी फोन नातवाच्या हातात होता, हे त्यांचे त्यांना आठवू द्या.