तीन कोटेशनांचे शास्त्रोक्त वाचन
(सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीसाठी अत्यावश्यक, इतर सभासदांसाठी करमणूकप्रधान)

इमारतीचे बाहेरून प्लॅस्टर आणि रंगकाम निघाले की तीन कोटेशने मागवावीत, असा प्रघात आहे. एकच मागवले तर सेक्रेटरीवर संशय येतो आणि दोन मागवली तर कमिटीत दोन गट पडतात. तीन आली की शेवटच्या पानावरची बेरीज पाहायची, सर्वांत स्वस्त ठेकेदाराच्या नावापुढे बरोबरची खूण करायची आणि चहा मागवायचा. ही पद्धत जलद आहे आणि तिला वाचता येण्याची अट नाही. ज्यांना एवढ्यावर समाधान वाटत नाही, अशा चिकित्सक जीवांसाठी पुढील विधी दिला आहे.

पायरी पहिली: शेवटचे पान झाकणे

नमुन्यादाखल चार मजली इमारत घेऊ. बाहेरच्या भिंती 12,000 चौरस फूट, त्यातले 3,000 चौरस फूट प्लॅस्टर ढिले, आणि 1,000 फूट लांबीच्या भेगा. ही मापे सोसायटीने स्वतः काढून तिघांनाही सारखी द्यावीत. नाही तर प्रत्येक ठेकेदार आपापल्या टेपने मोजतो आणि एकच भिंत तीन आकारांची निघते.

बेरजा अशा आल्या: ‘अ’ 5,98,000, ‘ब’ 8,31,000, ‘क’ 9,90,000. या क्षणी खजिनदारांच्या चेहऱ्यावर ‘अ’विषयी जे वात्सल्य दाटून येते, ते आवरावे. शेवटचे पान हाताने झाकावे आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी.

पायरी दुसरी: रकाने आखणे

कागदावर कामांची यादी उभी लिहावी: ढिले प्लॅस्टर फोडून नवे करणे, भेगा भरणे, रंग, परांची, राडारोडा, जीएसटी. पुढे तिघांचे रकाने आखावेत. ज्याने जे लिहिले ते भरावे. ज्याने लिहिले नाही तिथे मोठ्ठे प्रश्नचिन्ह काढावे. शून्य लिहू नये. शून्य म्हणजे फुकट आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नंतर. या दोहोंत दीड-दोन लाखांचा फरक असतो.

‘अ’ने प्लॅस्टर 90 रुपये चौरस फूट, भेगा 40 रुपये फूट आणि रंग 24 रुपये चौरस फूट असे तीनच आकडे दिले आहेत. खाली बारीक अक्षरात ‘कर व इतर खर्च वेगळे’. परांचीचे नाव नाही. म्हणजे कारागीर चौथ्या मजल्यापर्यंत कसे पोचणार, याबद्दल कोटेशनने सभ्य मौन पाळले आहे.

पायरी तिसरी: मौन फोडणे

‘अ’ला फोन लावावा. तो म्हणेल, “अहो साहेब, परांचीशिवाय काम होतं का?” हे वाक्य नीट ऐकावे. परांची दरातच धरली आहे, असा त्याचा अर्थ आपण लावतो. परांची लागणार आणि तिचे बिल वेगळे येणार, असा तो लावतो. दोघेही समाधानाने फोन ठेवतात. म्हणून दर लेटरहेडवर मागावा. इथे उत्तर आले: 16 रुपये चौरस फूट, म्हणजे 1,92,000.

त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. परांचीचे भाडे किती महिन्यांचे आणि पावसामुळे काम लांबले तर जादा भाडे कोणाचे? आणि काम नक्की परांचीवरूनच ना? दोरावर टांगलेल्या झुल्यावरून रंग मारता येतो. पण प्लॅस्टर फोडणे, दोन थर चढवणे आणि पाणी मारणे यासाठी कारागिराला पाय रोवून उभे राहायला फळी लागते.

पायरी चौथी: राडारोड्याचे वजन करणे

कमिटीला राडारोडा म्हणजे झाडूने भरण्याजोगा विषय वाटतो. हिशेब करावा. 3,000 चौरस फूट प्लॅस्टर एक इंच जाडीचे धरले तर 250 घनफूट होते. भिंतीवरून फोडले की ते मोकळे होऊन साधारण दीडपट जागा खाते, म्हणजे 375 घनफूट. ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा पावणेचार ब्रास. वजन अंदाजे 14 टन. एवढे सगळे पार्किंगमध्ये येऊन बसते, आणि अध्यक्षांच्या गाडीपासून सुरुवात करते.

‘ब’ने लिहिले आहे, ‘राडारोडा प्रत्यक्ष खेपांनुसार’. ‘क’ने तर ‘सर्व समाविष्ट’ अशा ठळक शीर्षकाखाली एकरकमी आकडा दिला आहे आणि कंसात म्हटले आहे: ‘राडारोडा आवारात एका जागी गोळा करून देऊ’. गोळा करण्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. तो जाणार कधी, हा प्रश्न होता. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम 2016 साली आले, तेव्हापासून हा कचरा ज्याच्या कामातून निघाला त्याचीच जबाबदारी मानला जातो. नाल्याकाठी गुपचूप रिकामा केलेला ट्रॅक्टर शेवटी सोसायटीच्याच नावावर लागू शकतो. म्हणून ‘गोण्या भरून, उतरवून, महापालिकेने ठरवलेल्या जागी टाकणे, पावतीसह’ एवढे शब्द कोटेशनमध्ये हवेतच. इथे हा दर 6,000 रुपये खेप धरू: चार खेपा, 24,000.

पायरी पाचवी: सगळ्यांना एका पातळीवर आणणे

आता रिकाम्या जागा भराव्यात आणि 18 टक्के जीएसटी लावावा.

‘अ’: 5,98,000 अधिक परांची 1,92,000 अधिक राडारोडा 24,000, म्हणजे 8,14,000. जीएसटीसह 9,60,520.

‘ब’: परांची आधीच धरलेली. 8,31,000 अधिक 24,000, म्हणजे 8,55,000. जीएसटीसह 10,08,900.

‘क’: आकड्यात जीएसटी होता. राडारोडा आणि त्यावरचा कर मिळून 28,320 वाढले. एकूण 10,18,320.

पहिल्या दिवशी ‘अ’ आणि ‘क’मध्ये 3,92,000 चे अंतर होते, आता 57,800 उरले. खजिनदार अजूनही ‘अ’कडे झुकलेले असतील, तर शेवटची पायरी करावी.

पायरी सहावी: एकाच नावाची दोन कामे ओळखणे

‘अ’च्या 90 रुपयांपुढे नुसते ‘प्लॅस्टर’ लिहिले आहे. ‘ब’च्या 110 रुपयांपुढे ‘दोन थर, वॉटरप्रूफिंग कंपाउंडसह, कॉलम-बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी मारून’ असे आहे. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत, म्हणून भेग नेमकी त्या सांध्यावर येते. जाळी तिथेच कामाला येते. ‘अ’ला हेच काम सांगितले आणि त्यानेही 110 लावले, तर 3,000 फुटांवर 60,000 आणि कर धरून 70,800 वाढतात. ‘अ’ 10,31,320 वर पोचतो, म्हणजे तिघांत सर्वांत महाग.

यातला एकही ठेकेदार खोटे बोललेला नाही. प्रत्येकाने आपल्याला परवडेल तेवढे लिहिले आणि बाकीचे सोसायटीच्या कल्पनाशक्तीवर सोडले.

टीप: परांची चढल्यावर हातोडीने ठोकून पाहिले की पोकळ वाजणारे प्लॅस्टर यादीतल्यापेक्षा जास्त निघते. वाढलेल्या फुटांचा दर तोच राहील, आणि ‘क’चा एकरकमी आकडा त्या फुटांनाही लागू आहे, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेतल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे खूण करू नये. चहा त्यानंतर मागवावा.