प्रवास अनुदान : खर्च आधी, मंजुरी नंतर, पैसे यथावकाश

परदेशातल्या परिषदेने पेपर स्वीकारल्याची मेल आली की पीएचडीच्या विद्यार्थ्याला वाटतं, अवघड भाग संपला. पेपर तपासणारे निदान नाव लपवून छळतात. लेखा विभाग सही-शिक्क्यानिशी छळतो.

पहिला नियम असा : पैसे किती खर्च झाले यापेक्षा कोणत्या तारखेला झाले, हे महत्त्वाचं. समजा, परिषद जुलैत व्हिएन्नाला आहे. सवलतीच्या नोंदणीची मुदत 20 एप्रिल, शुल्क 350 युरो; नंतर 450. तुमचा अर्ज मार्गदर्शक, विभागप्रमुख, अधिष्ठाता अशी तीर्थयात्रा करत 12 मे रोजी मंजूर होतो. संस्थेचे 100 युरो वाचवावेत म्हणून तुम्ही 19 एप्रिललाच शुल्क भरता. झालं! पावती मंजुरीपत्रापेक्षा थोरली निघाली. आता ‘कार्योत्तर मंजुरी’साठी वेगळा अर्ज करा. शहाणा विद्यार्थी मूळ अर्जातच दरपत्रक जोडून नोंदणीची मुदत आधी संपत असल्याचं लिहितो आणि शुल्क भरायची पूर्वपरवानगी मागतो.

तिकिटाचं शास्त्र याहून सूक्ष्म आहे. 2022 पासून केंद्र सरकारच्या खर्चाने विमानप्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावं लागतं, तेही शक्यतो 21 दिवस आधी. तुम्ही कर्मचारी नाही, पण अनेक संस्था अनुदानालाही हाच नियम लावतात. दुसऱ्या संकेतस्थळावर तेच तिकीट आठ हजारांनी स्वस्त मिळालं? अभिनंदन. ती बचत तुमच्याच खिशातून होण्याचा संभव आहे.

इतक्यात व्हिसा आडवा येतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज उशिरात उशिरा प्रवासाच्या 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि वकिलातीला प्रवासाचा खर्च कोण करणार याचं पत्र हवं असतं. हे पत्र म्हणजे तुमचं मंजुरीपत्र. ते सध्या कोणाच्या तरी टेबलावर विश्रांती घेतंय. फाइल कुठे आहे हे रोज जाऊन विचारणं, हा संशोधनपद्धतीचाच भाग समजावा.

परतल्यावर बोर्डिंग पास जपा. मोबाइलमधला पास उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून गेटवरच त्याचं चित्र काढून ठेवा. शुल्क मित्राच्या कार्डावरून भरलं असेल, तर त्याच्या बँकेचं रुपयांतलं विवरण आणि ‘रक्कम विद्यार्थ्याने मला परत केली’ अशी त्याची लेखी कबुली जोडा. नुसता युरोचा आकडा चालत नाही. कोणत्या दराने रुपये वजा झाले ते दिसायला हवं.

मग फाइल परत येते. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं असतं : पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, परिषदेच्या प्रमाणपत्रावर नाही. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडावे.