दोन भोकं

आमच्या यार्डातून गेल्या पाच वर्षांत अकरा आधारस्तंभ निघून गेले. शेड अजून उभी आहे.

हे मी मोजलंय, कारण निरोपाची भाषणं लिहायचं काम माझ्याकडे असतं. डॉक्युमेंटेशनला बसतो म्हणजे याला लिहिता येतं, असा ऑफिसचा समज. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि माझं पानभर भाषण असा ठरलेला संच. भाषणातही आधारस्तंभ, कधीही न भरून येणारी पोकळी आणि ‘ही संस्था म्हणजे एक कुटुंब’ हे ठरलेलं. नाव तेवढं बदलायचं. एकदा तेही राहिलं आणि अकाउंट्सच्या बाईंना मी क्रेन ऑपरेटर म्हणून निरोप दिला. टाळ्या पडल्या. कुणी ऐकतच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

या वेळी नानाची पाळी होती. नाना आमचा सर्व्हेअर, रिकामे कंटेनर तपासणारा. पोकळी वगैरे म्हणायची सोयच नव्हती, कारण तो जातोय रस्त्यापलीकडच्या यार्डात. आमच्या गच्चीवरून त्याचं हेल्मेट दिसेल आणि चहा त्याच टपरीवर होईल. “असा माणूस पुन्हा मिळणार नाही,” हेही बाद. पुढच्याच रांगेत उरलेले तिघे सर्व्हेअर बसणार. म्हणजे निरोप नानाला आणि चपराक त्यांना.

साहेबांनी एक वाक्य सुचवलं, ‘या बंदराबरोबर वाढलेला माणूस’. न्हावा शेवा बंदर सुरू झालं १९८९ साली. नाना तेव्हा उरणला शाळेत होता, म्हणजे वाढत होता हे खरंच. पण त्या न्यायाने अख्खा तालुका बंदराबरोबर वाढला. उलट ज्यांची मिठागरं आणि शेती या बंदरात गेली, त्यांना हे वाक्य कसं लागेल याचा साहेबांनी विचार केलेला नसावा. खोडलं.

मग मी लिहिणं थांबवून लोकांना विचारत फिरलो. प्रश्न एकच, “नाना काय करतो, ते तू स्वतः कधी पाहिलंस?” ‘नाना कसा आहे’ विचारलं की सगळे ‘देवमाणूस’ म्हणतात आणि चहा पितात. ‘काय पाहिलंस’ विचारलं की माणूस जरा थांबतो. गेटवाला म्हणाला, “दरवाजा लावून आत उभा राहतो.” फोर्कलिफ्टवाल्यानेही तेच सांगितलं. भाषण सापडलं.

ज्यांनी यार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांदळाच्या गोणी भरायच्या आधी रिकामा डबा तपासतात. बाहेरून पत्रा ठाकठीक दिसतो, पण छताला टाचणीएवढं भोक असलं तरी पाऊस आणि समुद्राचं पाणी आत येऊ शकतं. ते शोधायची युक्ती साधी आहे. माणूस आत जातो, बाहेरचा दोन्ही दरवाजे लावून घेतो आणि आतला अंधारात वर बघत उभा राहतो. डोळे सरावले की जिथे भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. डबा जमिनीवर एकटा ठेवलेला हवा. वर दुसरा चढवलेला असला की छतावर उजेडच पडत नाही. रात्री ही तपासणी फुकट, आणि आषाढातल्या ढगाळ दुपारी जास्त वेळ थांबावं लागतं. मे महिन्यात आत काय होतं ते पत्र्याच्या घरात राहिलेल्यांना सांगायला नको. म्हणून बरेच जण दार अर्धवट लोटतात, मान आत घालतात आणि ‘ओके’ लिहितात. नाना दार पूर्ण लावून घेतो.

आता प्रसंग. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत नानाने एक चाळीस फुटी डबा नापास केला. मी लिहिलं, “छताला तीन भोकं होती, गाडी तीन तास खोळंबली, आणि कंपनीचे लाखो रुपये वाचले.” आदल्या दिवशी कागद नानाला दाखवला. हे मी कधी करत नाही. निरोपाचं भाषण म्हणजे जणू लग्नातलं सरप्राइज. पण चारचौघांत कुणाची गोष्ट सांगायची तर ती त्याला आधी विचारावी, एवढी अक्कल अकरा स्तंभांनंतर आली होती.

नानाने खिशातून डायरी काढली.

“भोकं दोन,” तो म्हणाला. “वाट बघितली एक तास दहा मिनिटं.”

“आणि लाखो रुपये?”

“ते तुला कुणी सांगितलं? डबा परत गेला, दुसरा आला, माल भरला. त्या भोकांतून पाणी आलंच असतं हे कशावरून? आणि भोक नसतानाही आत दव धरतं, गोणी ओल्या होतात. ते माझ्या हातात नाही.”

माझी पंचाईत झाली. लाख गेले, एक भोक गेलं, दोन तास गेले. दोन वर्षांत मी ती गोष्ट टपरीवर सांगून सांगून फुगवली होती आणि मलाच ती खरी वाटत होती. वर नाना म्हणाला, “दार कुणी लावलं तेही लिही. आतून लावता येत नाही.”

शेवटी भाषण झालं ते असं, घड्याळ लावून तीन मिनिटं:

“जुलैतल्या एका दुपारी नाना चाळीस फुटी डब्यात उभा होता. बाहेर आपला खलाशी मामा कडी धरून होता. बाहेर ड्रायव्हर ओरडत होता, जहाजाची कट-ऑफ जवळ आली होती आणि मी फोनवर ‘सोड रे’ म्हणत होतो. नाना बाहेर आला आणि म्हणाला, दोन. डबा परत गेला. आपल्याला एक तास दहा मिनिटं उशीर झाला. त्याने काय वाचलं ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. नानाचं अक्षर मला आजही लागत नाही. टॅब मिळाल्यावर तो आधी डायरीत लिहायचा आणि मग टॅबमध्ये, त्यामुळे माझे रिपोर्ट रोज उशिरा गेले. त्याबद्दल मी त्याला बरंच बोललो आहे. पण त्याने ‘ओके’ लिहिलेला डबा मी कधी पुन्हा उघडून पाहिला नाही. उद्यापासून आपल्यासमोरचं यार्ड निवांत झोपेल. नाना, चहाला ये.”

टाळ्या जरा उशिरा आल्या. खलाशी मामा मागच्या रांगेत होता, सगळे वळून त्याच्याकडे पाहायला लागले. त्याने टोपी काढली आणि परत घातली. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “छान, पण आधारस्तंभ राहिला.”

समारंभ संपला. नाना शाल, नारळ आणि घड्याळ घेऊन गेटवर गेला आणि गेटवाल्याने अडवला. घड्याळाचा गेटपास कुणी बनवलाच नव्हता, आणि पासशिवाय कुठलीही वस्तू बाहेर जात नाही. मी वरून ओरडलो, अरे, सोड, नाना आहे! गेटवाला बिचारा कानकोंडा झाला.

नानाने घड्याळ त्याच्या टेबलावर ठेवलं, स्वतः स्टुलावर बसला आणि मला हाक मारली, “पास बनव. मी थांबतो.”

सतरा मिनिटं लागली. त्याच घड्याळात पाहिली.