विषय : दि. २० रोजीचे मौन

काका कुणाशी भांडत नाहीत. ते पत्रव्यवहार करतात.

सरकारी लेखा विभागात हयात गेली, निवृत्त झाले, पण घरात जावक नोंदवही सुरूच राहिली. गॅस एजन्सी, एसटीचा आगारप्रमुख, दिवाळी अंकाची आठ पानं कोरी पाठवणारा प्रकाशक, सोसायटीचा सचिव (हा समोरच्याच दारात राहतो) असे सगळे त्या वहीत क्रमांकानिशी नांदतात. पत्राला विषय हवा, संदर्भ हवा, ‘महोदय’ हवं आणि शेवटी सोबत जोडलेल्या कागदांची यादी हवी. राग कुठेही दिसता कामा नये. काकांच्या मते राग हा पुराव्याअभावी येतो.

अशा माणसाच्या पुतणीने सोशल मीडिया सांभाळण्याचा धंदा काढावा हा योगायोग. ती आणि तिची मैत्रीण, दोन लॅपटॉप, आणि गिऱ्हाइकं म्हणजे गावातली दुकानं : एक फराळवाला, एक पैठणीवाला, एक सराफ. महिन्याभराच्या पोस्ट आधीच तयार करायच्या, एका परदेशी टूलमध्ये तारीख-वेळ घालून रांगेत लावायच्या, आणि नेमक्या मिनिटाला ते टूल त्या इन्स्टाग्राम-फेसबुकवर टाकतं. टूलचं भाडं महिन्याला ९९ डॉलर. काकांना हे सारं ‘टपालपेटी’ म्हणून समजावलं होतं आणि ते त्यांना पटलं होतं. पेटीत टाकलं की गेलं पाहिजे.

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. पहाटे साडेपाचची सराफाची अभ्यंगस्नानाची पोस्ट वेळेवर गेली. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका अजस्र क्लाउड केंद्रात, एका डेटाबेसचा पत्ता सांगणारी डीएनएसची नोंदच रिकामी झाली. डेटाबेस धडधाकट, पण तो राहतो कुठे हे कुणालाच कळेना. मूळ बिघाड आपल्याकडच्या तीनच्या आतबाहेर दुरुस्त झाला. त्याच्यावर टेकलेली बाकीची यंत्रणा मात्र मध्यरात्र उलटून गेली तरी सावरत होती. पुतणीचं टूल तिथेच बिऱ्हाड करून होतं.

एक वाजताची फराळाची पोस्ट गेली नाही. साडेचारची पैठणीची गेली नाही. पावणेपाचला पैठणीवाल्याचा फोन आला तेव्हा पुतणीला पत्ता लागला. तिने ती पोस्ट फोनवरून हाताने टाकली, क्षणात गेली. टूलच्या रांगेतून ती काढून टाकायला हवी होती, पण टूलचं पानच उघडेना. संध्याकाळी सातची फराळवाल्याची होती : ‘शेवटचे दोन तास! अनारसे संपत आलेत!’ तीही गेली नाही.

गेली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजून पन्नास मिनिटांनी. शुद्धीवर आलेल्या टूलने तुंबलेली रांग एका दमात मोकळी केली. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे गावाला कळलं की अनारश्यांचे शेवटचे दोन तास उरलेत. खाली एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘आत्ता येऊ की दात घासून?’ पैठणीची पोस्ट दुसऱ्यांदा अवतरली ती वेगळीच. न गेलेली पोस्ट निदान कुणाला दिसत तरी नाही. उशिरा गेलेली सगळ्या गावाला दिसते. एकूण अकरा पोस्ट, त्यातल्या सात ‘फेल्ड’ आणि चार या भलत्या वेळी.

पुतणीने रागाच्या भरात टूलवाल्यांना चार ओळी खरडल्या होत्या : अत्यंत निराशाजनक, दिवाळीचा धंदा बुडाला, पैसे परत करा. काकांनी चष्मा पुसला. “अगं, यात तारीख कुठाय? कुठलं कलम? किती रक्कम? हे वाचून समोरचा फक्त वाईट वाटून घेईल.”

आणि मग काका कामाला लागले. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी टूलच्या करारनाम्याची बावीस पानं छापून घेतली आणि टॅग लावून बांधली. मी हे शेजाऱ्याच्या नात्याने सांगतो : सूनबाईंनी तीनदा बोलावूनही हा गृहस्थ पाडव्याच्या ओवाळणीला उठला नाही, कारण ‘सेवा उपलब्धता’ हे कलम सापडलं होतं.

कलमात लिहिलं होतं की सेवा महिन्यात ९९.९ टक्के वेळ चालू राहील. ऐकायला भक्कम. काकांनी पेन्सिल घेतली. ऑक्टोबरचे ३१ दिवस म्हणजे ४४,६४० मिनिटं. त्याचा हजारावा भाग म्हणजे साधारण पाऊण तास. तेवढा वेळ बंद राहायची कंपनीला मुभा. त्याहून जास्त बंद राहिली तर महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्के सूट, आणि उपलब्धता ९९ टक्क्यांच्याही खाली घसरली तर पंचवीस टक्के. रोख नाही, पुढच्या बिलातून वजा. मागणी महिना संपल्यापासून तीस दिवसांत, तारीख-वेळेसह. न मागणाऱ्याला काही नाही. “म्हणजे हे देणार आहेत,” काका म्हणाले, “पण अर्ज आल्याशिवाय नाही. आमच्या खात्यासारखंच.” त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी माहेरची आठवण म्हणेन.

आता बंद किती वेळ, हा कळीचा प्रश्न. कंपनीच्या स्टेटस पानावर बिघाड ६.५८ ते १२.४०. पुतणी म्हणाली, “काका, सकाळी सातला तर सगळं नीट होतं!” काकांना मात्र लगेच वास आला. त्या वेळा यूटीसीच्या होत्या. साडेपाच तास मिळवले की दुपारचे १२.२८ ते संध्याकाळचे ६.१०. म्हणजे ३४२ मिनिटं, उपलब्धता ९९.२३ टक्के, सूट दहा टक्के, अर्थात नऊ डॉलर नव्वद सेंट.

“पण सहा-दहाला यांचं सुरू झालं, तर सातची अनारश्यांची पोस्ट का नाही गेली?”

इथे काका त्या नऊ डॉलरच्या कितीतरी वर पोचले. सहा-दहाला टूलचं पान उघडायला लागलं होतं, म्हणून कंपनीने बिघाड मिटल्याचं जाहीर केलं. रांग मात्र हलत नव्हती. आणि करारातली बंद असण्याची व्याख्या पान उघडण्यापुरती नव्हती. ‘नियोजित मजकूर प्रसिद्ध करण्यासह मुख्य कार्ये’ असे शब्द तिथे होते. तेव्हा बंद धरायचं ते १२.२८ पासून पहाटे ३.५० पर्यंत : ९२२ मिनिटं, उपलब्धता ९७.९३, सूट पंचवीस टक्के. चोवीस डॉलर पंच्याहत्तर सेंट.

पुरावा? टूलमधून सगळ्या पोस्टची नोंद तक्त्याच्या रूपात उतरवता येते : ठरलेली वेळ, गेलेली वेळ, स्थिती. काकांनी त्या तक्त्याला परिशिष्ट ‘अ’ केलं. स्टेटस पानाचा स्क्रीनशॉट, परिशिष्ट ‘ब’. तो आधी घ्यायला लावला, कारण अशा पानांवरचा मजकूर पुढे बदलतो आणि काकांना फायलीतली पानं कशी बदलतात ते ठाऊक आहे.

मागणी गेली. उत्तर दोन दिवसांत आलं, गोड आणि गुळमुळीत. एक, तुमच्या खात्यांची जोडणी तुटली असेल, पुन्हा जोडून पाहा. दोन, बाहेरच्या कंपन्यांमुळे झालेला बिघाड करारातून वगळलेला आहे.

पहिला मुद्दा फेटाळायला काकांना एक परिच्छेद पुरला. जोडणीची परवानगी संपली असती तर ती पुन्हा देईपर्यंत एकही पोस्ट गेली नसती. इथे पहाटे साडेपाचची गेली, दुसऱ्या दिवशी ३.५० च्या गेल्या, आणि मध्ये कुणी काहीही नव्याने जोडलं नाही. दुसऱ्या मुद्द्यासाठी त्यांनी वगळणुकीचं कलम शब्दशः उतरवलं. तिथे ‘ग्राहकाने जोडलेली त्रयस्थ माध्यमे’ असं होतं, म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुक वगैरे. ती तर चालू होती. पैठणीची पोस्ट फोनवरून पावणेपाचला गेल्याचा स्क्रीनशॉट हे परिशिष्ट ‘क’. व्हर्जिनियातलं क्लाउड केंद्र ग्राहकाने जोडलेलं नव्हतं. ‘सदर जागा आपण भाड्याने घेतलेली असून तिच्या गळक्या छपराची जबाबदारी आमच्याकडे वर्ग करता येणार नाही,’ हे वाक्य पुतणीने इंग्रजी करताना गाळलं. काकांनी ते हाताने परत घातलं.

काही गोष्टी मात्र तिने गाळल्याच. न विकलेल्या अनारश्यांची नुकसानभरपाई हे एक. कराराप्रमाणे सूट हीच एकमेव भरपाई, धंद्याच्या तोट्याशी कंपनीचा संबंध नाही, आणि ते मागितलं की पत्र वकिलाच्या टेबलावर जातं आणि तिथेच राहतं. मानसिक क्लेश हे दुसरं. ‘उलट टपाली कळवावे’ हे तिसरं, त्यावर बराच वाद झाला. ‘आमच्या इतर हक्कांना बाधा न येता’ मात्र राहिलं. ते काढलं तर सही करणार नाही म्हणाले. सहीची गरज नव्हतीच, फॉर्म होता. फॉर्ममध्ये विषय लिहायच्या चौकटीत काकांचा विषय मावेना. शेवटी ‘२० ऑक्टोबर, पंचवीस टक्के सूट, कलमासह’ एवढ्यावर तडजोड झाली, आणि मला वाटतं, अर्धं काम त्या चौकटीनेच केलं.

पंचवीस टक्के मंजूर झाले. सोबत पाच चेहऱ्यांचा तक्ता : आमच्या सेवेने आपले समाधान झाले का? काकांनी तो ‘अप्रस्तुत’ शेरा मारून फायलीला लावला.

पण मेख पुढे होती. पुतणीने वर्षाचे पैसे एकदम भरलेले. पुढचं बिल ऑगस्टमध्ये, तेव्हा चोवीस डॉलर पंच्याहत्तर सेंट वजा होणार. त्याआधी खातं बंद केलं तर सूट बुडाली. जानेवारीत तिला दुसरं, स्वस्त टूल सापडलं, आणि ती काकांना सांगायला गेली. काकांनी जावक वही उघडून तिच्यापुढे धरली.

“प्रकरण प्रलंबित आहे,” ते म्हणाले. “ऑगस्टपर्यंत कुठेही जायचं नाही.”