नाडीवाले काका

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चकरा मारणाऱ्यांना हे काका ठाऊक आहेतच. समोरून ओळखीचा माणूस येताना दिसला, की वीसेक पावलांवर काकांच्या बुटाची नाडी सुटते. मग ते खाली वाकतात आणि समोरचा पुढे निघून जाईपर्यंत नाडी बांधत राहतात. ट्रॅक गोल, माणूस उलट्या दिशेने फिरणारा, त्यामुळे तो पुन्हा भेटणार हे उघड असते. दुसऱ्या फेरीला काकांच्या दुसऱ्या बुटाची नाडी सुटते. तिसऱ्या फेरीला बूट संपतात, तेव्हा काका झाडाच्या शेंड्यावर बसलेला एखादा पक्षी शोधू लागतात. दिवाळीत सुनेने बिननाडीचे बूट आणून दिले. तरी काका वाकायचे ते वाकतातच. ट्रॅकवरच्या मंडळींनी या सगळ्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला आहे: माणूस शिष्ट आहे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला दिसतो, आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

हा निकाल पुराव्यावर टिकत नाही. शिष्ट माणूस नाडी बांधत नाही. तो ताठ मानेने समोरून निघून जातो, कारण तुम्ही काय समजाल याची त्याला पर्वाच नसते. काकांना ती नको इतकी असते. शिवाय पहाटे साडेपाचला हेच काका व्हॉट्सॲपवर गुलाबाचे फूल, उगवता सूर्य आणि ‘शुभ सकाळ’ असा ऐवज झाडून साऱ्या ओळखीच्यांना पाठवतात, आणि तेही सगळ्यांच्या आधी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिथे निघालेल्या एखाद्या दिंडीत काकांना उभे करा. ज्याचे नाव-गाव माहीत नाही अशा वारकऱ्याच्या ते बेलाशक पाया पडतील, आणि तोही ‘माउली’ म्हणत त्यांच्या पाया पडेल. तेव्हा माणसांचा कंटाळा, घुमेपणा, अहंकार ही सगळी कारणे बाद होतात. मोबाइलवर उत्तराची वाट बघणारा चेहरा समोर नसतो. दिंडीत दोघांनीही वाकायचे हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे पहिला कोण हा प्रश्नच उरत नाही. ट्रॅकवर मात्र चेहरा समोर असतो आणि पाळी कोणाची हे ठरलेले नसते. काकांची भीती राहते ती या न ठरलेल्या चार-पाच सेकंदांत.

त्या सेकंदांचा अभ्यास झालेला आहे. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या अभ्यासकांनी बागेतल्या मेजवानीत आलेल्या पाहुण्यांचे चित्रण करून अभिवादन कसे घडते ते बारकाईने पाहिले, आणि 1973 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसे आधी लांबून एकमेकांना पाहतात, मान किंवा हात हलवतात. मग जवळ येताना बहुधा नजर दुसरीकडे वळवतात. आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा पाहून बोलतात. मधल्या टप्प्यात डोळे चुकवणे हे असे साऱ्यांचेच असते. काका इथेच फसतात. समोरच्याने मध्येच नजर वळवली, की त्यांना वाटते, ‘यांना आपल्याशी बोलायचे नाही.’ आणि आपली स्वतःची नजर वळली, की वाटते, ‘आता आपण उद्धट दिसलो.’ अशा वेळी नाडी हा एकच प्रामाणिक मार्ग उरतो.

पण सगळे नुकसान ही नाडीच करते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिचा गाभा असा: घाबरलेला माणूस समोरच्याकडे बघण्याऐवजी स्वतःकडे बघू लागतो, आणि अनर्थ टाळण्यासाठी काहीतरी बचावाची युक्ती करतो. अनर्थ होत नाही. पण त्याचे श्रेय युक्तीला जाते, त्यामुळे तो मुळात होणारच नव्हता हे त्याला कधी कळत नाही. काकांनी आजवर हजारो वेळा नाडी बांधली असेल आणि हजारो वेळा अपमान टळला असेल. त्यांच्या हिशेबी हा नाडीचा चोख पराक्रम आहे. जोडीला दुसरा गैरसमज असतो, की नमस्काराला उत्तर आले नाही तर सारा ट्रॅक बघेल. अमेरिकेत टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. घालणाऱ्यांना वाटले, जवळपास निम्म्या जणांच्या ते लक्षात आले असेल. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आले होते. सकाळी ट्रॅकवर जो तो आपला गुडघा, आपली साखर आणि आपल्या फेऱ्या मोजत असतो. काकांच्या वाया गेलेल्या नमस्काराची नोंद ठेवायला तिथे कोणाला सवड नाही.

मग यावर उपाय काय? ‘जरा मोकळे व्हा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण मोकळे व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे हे त्यात सांगितलेले नसते. काम छोटे आणि ठरावीक हवे. सुरुवात अशा माणसांपासून करावी, जिथे बोलणे व्यवहारातच आलेले आहे: सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, कोपऱ्यावरचा भाजीवाला. ‘काय दादा, आज मेथी कशी?’ याच्या आधी एक ‘राम राम’ जोडायचा, एवढेच. तिथे उत्तर मिळतेच, कारण गिऱ्हाइकाला गप्प बसवून भाजी विकली जात नाही. हे दोन-चार दिवसांत कंटाळवाणे वाटू लागले, की पुढची पायरी. कंटाळा आला म्हणजे भीती सरली, याहून चांगली खूण नाही.

दुसरी पायरी ट्रॅकवरची, पण बिनआवाजाची. लांबून एकदा बघायचे, मग खुशाल नजर रस्त्याकडे न्यायची, आणि तीन-चार पावलांवर आल्यावर पुन्हा बघून मान किंचित झुकवायची. चाल थांबवायची नाही. तिसऱ्या पायरीला त्याच मानेबरोबर ऐकू जाईल असे ‘नमस्कार’ म्हणायचे आणि पुढे जायचे. उत्तर येते का, हे बघायला रेंगाळायचे नाही. चौथी पायरी काकांची खास अडचण सोडवते, ती म्हणजे तोच माणूस दुसऱ्या फेरीला भेटणे. पहिल्या भेटीला शब्द, नंतरच्या भेटींना नुसते हसू किंवा हात, असा नियम स्वतःपुरता करून टाकावा. नाव आठवत नसेल तरी बिघडत नाही, ‘काय म्हणता?’ला नाव लागत नाही.

या सरावाचा खरा जीव मात्र एका चिठ्ठीत आहे. निघण्याआधी काकांनी लिहावे: ‘आज पाच जणांना आधी नमस्कार करीन. माझा अंदाज, तिघे उत्तर देणार नाहीत.’ परतल्यावर खाली निकाल लिहावा. समजा चौघांनी उत्तर दिले आणि एक तसाच गेला. काकांचे मन तेवढा एकच धरून बसणार. म्हणून त्याच्यापुढे दुसरी शक्यता लिहायची: कानात इअरफोन होते, चष्मा नव्हता, किंवा आवाज पोहोचलाच नाही. ही शेवटची शक्यता सर्वांत दाट, कारण भित्रा नमस्कार बहुधा ‘नमस्’पर्यंतच बाहेर येतो आणि ‘कार’ घशातच राहतो. समोरच्याला तो ऐकू येत नाही, आणि न ऐकलेल्या नमस्काराचे न आलेले उत्तर अपमानाच्या खात्यावर जमा होते. म्हणून सराव फसतोय असे वाटले तर आधी आवाज तपासावा. मग नाडीची एखादी नवी बहीण तर शिरली नाही ना, ते पाहावे: हातातला मोबाइल, गॉगल, किंवा वाक्याची मनातल्या मनात केलेली सातवी तालीम.

यावर आक्षेप येतील. पहिला: आधी नमस्कार लहानाने करायचा असतो, मोठ्याने का? रीत तशी आहे आणि घरात ती शोभते. पण ट्रॅकवर समोरचा बासष्टचा की चौसष्टचा हे जन्मदाखला पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर दोघेही गेट ओलांडून गेलेले असतात. दुसरा: एखाद्याला नाही आवडत, त्याला का छळायचे? ज्याला खरोखर एकटे चालायचे आहे त्याला चालू द्यावे. पण त्याला नाडी लागत नाही. ज्याला लागते त्याला बोलायचे असते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: अनोळखी पुरुषाने बाईला हटकून नमस्कार करू लागणे हा सराव नसून त्रास ठरेल. मान्य. म्हणून हा सराव चेहऱ्याने ओळखीच्या माणसांवरच करावा आणि समोरून दाद नसेल तिथे सोडून द्यावा. आणि मर्यादाही आहे: भीती नमस्कारापुरती न राहता फोन घेणे, नोकरी, समारंभ, घराबाहेर पडणे यांवर सहा-सहा महिने बसली असेल, तर चिठ्ठीवर भागणार नाही; मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यावर चांगले उपचार आहेत.

एवढा खटाटोप एका नमस्कारासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण नाडी बांधता बांधता काका खालून सगळे बघत असतात. कोणाची चाल मंदावली, कोणी डावा पाय ओढू लागला, कोण जोडीने यायचे आणि आता एकटे येते, हे त्यांना पाठ असते. ट्रॅकवर मोठमोठ्याने हाका मारणाऱ्यांना एखादा गडी येईनासा झाल्याचे आठवड्याने कळते. काकांना तिसऱ्या दिवशी कळते, आणि त्यांच्या जिवाला लागते. पण चौकशी करायची कोणाकडे, बोलण्याइतकी ओळख तर कोणाशीच झालेली नाही. इतके लक्ष असलेला माणूस गप्प राहिला, तर तोटा त्याच्या एकट्याचा होत नाही.

आणि त्यांना शिष्ट म्हणणाऱ्या बाकीच्या मंडळींचे काय? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 2012 च्या एका प्रयोगात, वाटेवरच्या अनोळखी लोकांकडे कोणी नजर भिडवून, कोणी हसून, तर कोणी ते जणू दिसतच नाहीत असे पाहत गेले. न पाहिल्यासारखे केल्याने माणसांना क्षणभर का होईना, अधिक तुटल्यासारखे वाटले. ट्रॅकवर वाकलेल्या काकांच्या डोक्यावरून मंडळी वर्षानुवर्षे तसेच बघत गेली आहेत. नमस्कार करायला त्यांनाही कोणी अडवले नव्हते. शिष्टपणाचा शिक्का मारायला सगळेच लगबगीने पुढे होतात. नमस्काराला मात्र नेहमी समोरच्याची पाळी असते.