नमुना गुरुजी

आमगावच्या आमच्या मोहल्ल्यातले गुरुजी निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. आता ते गोंदियाच्या हार्डवेअरवाल्यांची परीक्षा घेतात. प्रश्नपत्रिका शर्टाच्या खिशात असते: मोडका बोल्ट, डोकं झिजलेला स्क्रू, एकच पान उरलेली बिजागरी. कोणाच्याही घरी काही मोडलं की तो तुकडा गुरुजींकडे येतो आणि गुरुजी पुढच्या गाडीनं गोंदियाला जातात. तिथले दुकानदार त्यांना 'नमुना गुरुजी' म्हणतात. त्यातला दुसरा अर्थ गुरुजींना कळतो की नाही, कोणी विचारलेलं नाही.

बिजागरी त्यांच्या लेखी चौथीचा पेपर. पानाची उंची इंचात मोजायची, नवी बिजागरी जुनीवर ठेवायची, भोकं भोकांवर बसली की झालं. उंची जुळून भोकं सरकली, तर चौकटीत नवे स्क्रू जुन्या भोकांच्या कडेला घुसतात आणि लाकूड फाटतं. एवढं सांगून ते पुढच्या वर्गात जातात.

पुढचा वर्ग बोल्टचा. परवा शेजारच्या धानगिरणीतल्या जुन्या हलरचा बोल्ट तुटला. गुरुजींच्या हाती डोक्याकडचा तुकडा आला, त्यावर इंचभर आटे शिल्लक. त्यांनी पट्टी लावली: आठ मिलिमीटर. मी सोबत होतो. घरबांधणीचं सामान विकणाऱ्या पहिल्या दुकानात त्यांनी तुकडा काउंटरवर ठेवला आणि गप्प उभे राहिले.

"काय को लगता है, गुरुजी?"

"ते तू ओळख. मशीनचं नाव सांगणं म्हणजे उत्तर फोडणं."

दुकानातल्या पोरानं आठचा नट घेतला आणि तुटक्या टोकाकडून चढवायला लागला. दीड फेरा गेला, अडकला. त्यानं पाना उचलला तशी गुरुजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, "आटे खाऊन टाकशील बाबू." गुण शून्य. मला ते जरा कठोर वाटले, कारण तुटलेलं टोक ताणलेलं आणि दबलेलं असतं. तिकडून योग्य नटही सरळ जात नाही. नट अडकला, एवढ्यावरून माप चुकलं हे सिद्ध होत नाही. पण गुरुजींपुढे बोलायची माझी काय बिशाद.

दुसरं दुकान मिल स्टोअरचं. पट्टे, बेअरिंग, आणि इंची व मिलिमीटर अशा दोन्ही जातींचे नटबोल्ट. तिथल्या शेठनं तुकडा उजेडाकडे धरला आणि आठचा नवा बोल्ट त्याला आडवा चिकटवला, आट्यात आटे. सुरुवातीला बसले, पुढे फटीतून उजेड दिसायला लागला. मग त्यानं दुसऱ्या खोक्यातला बोल्ट लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फट नाही.

"अडीच सूत," शेठ म्हणाला.

गुरुजींच्या चेहऱ्यावर वर्गात पहिला आलेला पोरगा दिसल्याचा आनंद. आमच्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, म्हणजे 7.94 मिलिमीटर. आठात आणि याच्यात केसाचा फरक, तो पट्टीला कुठून दिसणार? फरक आट्यांत असतो. साध्या आठच्या बोल्टचे आटे सव्वा मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या इंचात दहा. अडीच सुताच्या जुन्या इंग्रजी बोल्टचे अर्ध्या इंचात नऊ. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली आला, पण जुन्या ओतीव यंत्रांना तो कोणी वाचून दाखवला नाही.

आता गुरुजींनी तोंडी परीक्षा सुरू केली. "तुटला काहून?"

शेठनं तुटलेला चेहरा निरखला. अर्धा भाग घासून चकचकीत, अर्धा खरबरीत. "सैल होता. चीर हळूहळू गेली, चकचकीत तिथून. उरलेला शेवटी एका झटक्यात तुटला. जास्त कसल्यानं तुटला असता तर मानेला बारीक झाला असता." मग त्यानं डोक्यावरच्या खुणा पाहिल्या. खुणा नव्हत्याच, म्हणजे साधा बोल्ट. "गुरुजी, आता तरी मशीन सांगा. थरथरणारी असंल तर हाय टेन्साइलवाला देतो, नाहीतर हाच देतो."

पेच होता. नमुना मापं सांगतो, काम सांगत नाही. ते यंत्रालाच विचारावं लागतं. गुरुजी बराच वेळ खोक्यांकडे पाहत राहिले आणि शेवटी, परीक्षकानं कॉपी दिल्यासारख्या दबक्या आवाजात म्हणाले, "हलर."

"तर असं सांगा ना! चारही बोल्ट बदला, नट नवे घ्या आणि तासभर चालवून परत कसा."

"एकच तुटला. एकच दे."

"बाकी तीन त्याच वयाचे हायेत, गुरुजी."

गुरुजींनी चार घेतले, पण भाव आठ मिलिमीटरवाल्याचा लावा म्हणून पाव तास भांडले. स्टेशनवर त्यांनी शेठला दहापैकी सात गुण दिले. तीन का कापले, मी विचारलं.

"विद्यार्थी हुशार हाय," गुरुजी म्हणाले, "पण पेपरात प्रश्न विचारत होता."